बॅटरीवर 200 लिहिलं होतं, गाडी दुपारी दोनला थांबत होती

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली एक मध्यम फाउंड्री. फेटलिंग शॉपमधून मशीन शॉपला आणि तिथून डिस्पॅचला कास्टिंग न्यायला त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी दोन टनी प्लॅटफॉर्म गाडी आहे, 48 व्होल्टची. जानेवारीत मालकांचा फोन आला. "साहेब, बॅटऱ्या सातच महिन्यांच्या आहेत आणि गाडी दुपारी दोनला थांबायला लागलीय. चार्जर गेलाय बहुतेक, जरा बघून जावा."

गाडीचा प्लॅटफॉर्म उचलून आत पाहिलं. ज्या लोखंडी ट्रेमध्ये 24 उभे सेल असायला हवे होते, तिथे घरातल्या इन्व्हर्टरखाली असतात तशा 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने ठेवलेल्या होत्या. मधल्या फटींत लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. प्रत्येकीवर 200 एएच, म्हणजे अँपिअर-तास, असं छापलेलं.

मालकांचा हिशेब मला लगेच समजला, आणि तो वेडगळ नव्हता. जुनी ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवण्यासाठीच बनवलेली, 240 एएचची होती, पाच वर्षांहून थोडी जास्त चालली आणि संपली. नवीन घ्यायची तर किंमत जड वाटली. गावातल्या विक्रेत्याने सांगितलं की चार इन्व्हर्टर बॅटऱ्या निम्म्या पैशात बसतील. "240 च्या जागी 200, म्हणजे सहावा हिस्साच कमी. आणि ह्यापण ट्युब्युलरच आहेत की!" हे शेवटचं वाक्य खरं होतं. त्या ट्युब्युलरच होत्या, म्हणजे पॉझिटिव्ह प्लेट सपाट नसून नळ्यांची, म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. फरक फक्त साध्या सपाट प्लेटचा आणि ट्युब्युलरचा असता तर एका ओळीत आटोपलं असतं.

आधी 200 आणि 240 हे दोन आकडे बघू, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. बॅटरीवर छापलेला एएच हा टाकीत किती लिटर मावतं तसा आकडा नाही. "इतका करंट इतके तास घेतलात तर एवढं मिळेल," असं ते वचन आहे. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीचं वचन वीस तासांचं असतं, त्याला आम्ही सी-20 म्हणतो. 200 एएच म्हणजे 10 अँपिअर सलग वीस तास, बॅटरी 10.5 व्होल्टवर येईपर्यंत. ट्रॅक्शनचं वचन पाच तासांचं, सी-5. आयईसी 60254 या मानकातही तेच आहे: 30 अंश तापमान, पाच तास, दर सेल 1.70 व्होल्टपर्यंत. 240 एएच म्हणजे 48 अँपिअर पाच तास.

शिसे-ॲसिड बॅटरीतून जितक्या जोरात करंट ओढाल तितकं एकूण कमी निघतं. प्लेटच्या छिद्रांमध्ये ॲसिड जितक्या वेगाने खर्च होतं तितक्या वेगाने बाहेरून आत येत नाही, म्हणून आतला माल शिल्लक असतानाच व्होल्टेज बसतं. वीस तासांच्या दराने 200 देणारी बॅटरी पाच तासांच्या दराने ढोबळमानाने 140 देते. म्हणजे खरी तुलना 240 विरुद्ध 140 अशी होती. जवळजवळ निम्म्यावर आलं होतं आणि छापलेला आकडा वाचून ते कुणालाच कळणार नव्हतं.

घरी हा फरक कुणाला जाणवत नाही. तीन पंखे, चार दिवे, एक टीव्ही मिळून 300 वॅट धरले तरी 12 व्होल्टच्या बॅटरीतून 28-30 अँपिअर जातात. वीस तासांच्या दरापेक्षा हे तिप्पट आहे, पण वीज जाते तास-दीड तास. 40 एएच निघतात, बाकीचे तसेच राहतात, आणि मग पुढचे दोन-चार दिवस बॅटरी चार्जरला टांगलेली असते.

गाडीला रोज किती लागतं हे कुणी मोजलेलं नव्हतं. आमच्याकडची भाड्याने देण्याची ट्रॅक्शन बॅटरी दोन दिवस लावली, त्याला एएच मोजणारा मीटर जोडला आणि मी स्वतः क्लॅम्प मीटर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलो. रिकामी गाडी 30 ते 35 अँपिअर घेत होती, भरलेली 60 ते 70. मशीन शॉपच्या तोंडाशी एक छोटा चढ आहे, तिथे गाडी उचलताना काटा 180 ला जायचा, चार-पाच सेकंद, आणि परत खाली. सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांत गाडी खरी चालते पावणेतीन तासच. उरलेला वेळ ती कास्टिंग चढायची किंवा उतरायची वाट बघत उभी. चालत असताना सरासरी 48 अँपिअर, दिवसाचा हिशेब 130 एएच.

48 हा आकडा पाहून ड्रायव्हर मामांना फार काही वाटलं नाही, मला मात्र बरं वाटलं. 240 ला पाचने भागलं की तोच येतो. गाडी बनवणाऱ्याने बॅटरी अंदाजाने निवडली नव्हती.

आता 130 ला दोन्हींकडे भागून बघा. जुन्या बॅटरीतून रोज 54 टक्के निघत होतं. ट्रॅक्शन बॅटरी रोज 80 टक्के रिकामी करण्यासाठीच बांधलेली असते आणि त्या खोलीवर चांगली बॅटरी 1200 ते 1500 वेळा जाऊन-येऊन करते. इन्व्हर्टर बॅटऱ्यांतून रोज 93 टक्के निघत होतं, तेही त्या नव्याकोऱ्या आणि पूर्ण चार्ज असताना. त्या तशा फार दिवस राहिल्या नाहीत.

पहिला महिना चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली होती, जी मालकांनी मला बरीच नंतर सांगितली. रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या झाकणांतून ॲसिड फसफसून वर आलं, ट्रे ओला झाला, बॅटऱ्या हाताला चटका बसेल इतक्या तापल्या. कारण सरळ होतं. चार्जर ट्रॅक्शनचाच होता. तो शेवटच्या टप्प्यात दर सेल 2.65 व्होल्टच्या आसपास नेतो, 24 सेलचे 63-64 व्होल्ट, आणि दहाएक अँपिअर चालू ठेवतो. ट्रॅक्शन बॅटरीला हा टप्पा हवाच असतो. 2.40 च्या वर गेलं की सेलमध्ये वायू सुटतो आणि त्या बुडबुड्यांनी ॲसिड ढवळलं जातं. चार्जिंग होताना प्लेटमधून निघणारं ॲसिड जड असतं, ते तळाशी बसतं. ते ढवळलं नाही तर वर पातळ आणि खाली तिखट असे थर पडतात. तळाचा भाग तिखट ॲसिडात झिजतो, वरचा भाग अर्धाच कामाला येतो.

फाउंड्रीच्या इलेक्ट्रिशियनने ते फसफसणं पाहिलं आणि त्याच्या दृष्टीने योग्य तेच केलं. विक्रेत्याला विचारून चार्जर 57.6 व्होल्टवर आणला, म्हणजे बॅटरीमागे 14.4. घरच्या इन्व्हर्टरला हा आकडा ठीक असतो, कारण घरी बॅटरी दिवसच्या दिवस चार्जरवर असते. आज थोडं राहिलं तर उद्या भरतं. इथे रात्रीचे जेमतेम दहा तास. 130 काढले तर 145 ते 150 परत घालावे लागतात, काही करंट वायूत आणि उष्णतेत जातोच. 57.6 ला पोहोचल्यावर करंट हळूहळू कमी होत जातो आणि शेवटचे वीस टक्के भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. रोज थोडी उधारी राहू लागली. उधारी राहिली म्हणजे प्लेटवरचं लेड सल्फेट पूर्ण मोडत नाही, त्याचे खडे मोठे होतात, आणि मोठा झालेला खडा साध्या चार्जिंगने परत विरघळत नाही.

चौथ्या महिन्यात गाडी संध्याकाळी पाचला दम टाकू लागली. तेव्हा हायड्रोमीटर घातला तर ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा पाण्याच्या तुलनेतला जडपणा, 1.160 दिसली. पातळी थोडी कमी होती, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घातलं. चार्जिंगच्या आधी घातलं. ते पाणी वरच तरंगत राहिलं, कारण ढवळणारे बुडबुडेच नव्हते. वरून घेतलेला नमुना आणखी कमी दाखवायला लागला आणि "बॅटरीत दम नाही" एवढाच निष्कर्ष निघाला. खाली काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मी गेलो तेव्हा गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच मोजायचं ठरवलं. मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज अशा वेळी काही सांगत नाही. दीड वाजता मामांना भरलेली गाडी सरळ चालवायला लावली आणि 50 अँपिअर जात असताना एकेक बॅटरी मोजली: 11.4, 11.2, 11.3 आणि चौथी 8.9.

या 8.9 वर थांबायला हवं. बाकी तिघींत दर सेलला साधारण 1.88 व्होल्ट मिळतात. चौथीतले पाच सेल तितकेच ठीक असतील तर त्यांचे 9.4 होतात. मग एकूण 8.9 यायला सहावा सेल उणे अर्ध्या व्होल्टवर असायला हवा. तो सेल रिकामा झाला होता आणि उरलेले तेवीस सेल त्याच्यातून करंट ढकलत होते, त्यामुळे तो उलटा चार्ज होत होता. रोज दुपारी अर्धा-पाऊण तास. मालिकेत जोडलेल्या बॅटऱ्यांत सगळ्यात कमकुवत सेल असाच मरतो, आणि 93 टक्के काढत असाल तर कुणीतरी एक सेल रोज तिथे पोहोचणारच. 54 टक्क्यांवर अशक्त सेललाही वाव राहतो.

त्या सेलला वेगळं मोजणं किंवा बदलणं शक्य नव्हतं. इन्व्हर्टर बॅटरीत सहा सेल एकाच डब्यात, त्यांचे जोड भिंतीतून आरपार वेल्ड केलेले, बाहेर फक्त दोन टर्मिनल. ट्रॅक्शनमध्ये प्रत्येक 2 व्होल्टचा सेल सुटा असतो, वर बोल्टने बसवलेल्या लवचीक केबल. एक सेल गेला तर तो काढून दुसरा घालता येतो. त्या केबल लवचीक का, तर गाडी हादरते. फाउंड्रीच्या जमिनीवर सांडलेली वाळू असते, सिमेंटच्या सांध्यांना खड्डे असतात, आणि गाडीला भरीव रबराची चाकं. तो प्रत्येक हादरा सरळ प्लेटच्या मानेपर्यंत जातो. घरातली बॅटरी जिन्याखाली ठेवली की पाच वर्षं जागची हलत नाही.

चौथी बॅटरी मी वर्कशॉपवर आणून उघडली. ॲसिड काढून सोड्याने मारलं, झाकण कापलं, प्लेटचा गठ्ठा वर ओढला. चार्ज झालेली निगेटिव्ह प्लेट नखाने ओरखडली की शिशासारखी चकचकीत रेघ उमटते. इथे सुरीने ओरखडलं तरी खडूसारखी भुकटी निघाली, रेघ नाही. पॉझिटिव्हच्या विणलेल्या नळ्या वरून ठीक होत्या, पण उलट्या झालेल्या सेलमध्ये दोन नळ्या तळाशी फाटल्या होत्या आणि आतली शिशाची काडी मोडली होती. डब्याच्या तळाशी तपकिरी गाळ प्लेटच्या कडेला टेकायच्या बेतात. गाळ सगळ्याच बॅटऱ्यांत पडतो, रोज खोलवर काढल्यावर जास्तच पडतो. म्हणून ट्रॅक्शन सेलमध्ये प्लेटखाली त्याच्यासाठी मुद्दाम खोल जागा सोडलेली असते.

मालक ते पाहायला आले होते. त्यांनी विचारलं, "मग ही बॅटरी खराबच बनवलीय म्हणायची का?"

नाही. आणि हे सांगणं मला महत्त्वाचं वाटलं. ती बॅटरी तिच्या कामासाठी नीट बनवलेली होती. घरी बॅटरीचा मुख्य शत्रू डिस्चार्ज नसतो. ती महिन्यातले बहुतेक तास भरलेल्या अवस्थेत, 13.5 ते 13.8 व्होल्टवर टांगलेली असते. त्या अवस्थेत पॉझिटिव्हची शिशाची काडी हळूहळू गंजते आणि पाणी उडतं. म्हणून तिची ग्रॅव्हिटी भरल्यावरही 1.240 च्या आसपास ठेवतात, ॲसिड सौम्य तर गंज कमी. ॲसिड सौम्य झाल्यामुळे ते जास्त घालावं लागतं, म्हणून डबा उंच. पाणी लवकर उडू नये म्हणून शिशात मिसळायचा अँटिमनी धातू कमी. घरातली माणसं सहा महिन्यांत एकदा झाकण उघडणार, हे गृहीत धरून केलेली रचना आहे ती.

ट्रॅक्शनमध्ये यातली जवळजवळ प्रत्येक निवड उलट दिशेला जाते. गाडीत जागा मोजकी, म्हणून ॲसिड तिखट, 1.280 किंवा थोडं वर. गंज जास्त होईल हे मान्य, कारण बॅटरी भरलेल्या अवस्थेत फार वेळ बसणारच नाही. अँटिमनी जास्त, कारण रोज फुगून-आकसून सैल होणारा माल काडीला धरून राहायला त्याची मदत होते. त्याची किंमत पाण्याने चुकवायची, आणि कारखान्यात दर आठवड्याला पाणी घालणारा माणूस असतो हे धरलेलं. वायू जास्त सुटतो, म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर. डिस्पॅचच्या काट्यावर आम्ही दोन्ही तोलल्या: चार इन्व्हर्टर बॅटऱ्या मिळून 252 किलो, जुनी ट्रॅक्शन ट्रेसकट 390. (ही प्लॅटफॉर्म गाडी होती म्हणून वजनाचं निभावलं. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचं वजन हा मागच्या तोलाचा भाग असतो, गाडीच्या पाटीवर कमीत कमी वजन छापलेलं असतं. तिथे हलकी बॅटरी घालणं म्हणजे भरल्या काट्यासकट गाडी पुढे उलटवण्याची तयारी.)

मालकांचा पुढचा प्रश्न हुशारीचा होता. ट्रॅक्शन इतकी दणकट, तर जुन्या बॅटरीतले चांगले सहा सेल काढून ऑफिसच्या इन्व्हर्टरला का लावू नयेत? मी नको म्हटलं. तिखट ॲसिडात दिवसरात्र भरलेलं राहून ते सेल गंजतील, जास्त अँटिमनीमुळे बसल्या बसल्या आपोआप उतरतील, इन्व्हर्टर त्यांना सतत थोडं थोडं भरत राहील आणि पाणी पीत राहतील. ऑफिसात टेबलाखाली ॲसिडचा वास येईल तो वेगळाच. दणकटपणा हा एका विशिष्ट कामापुरता असतो.

पैशाचा हिशेब कागदाच्या पाठीवर झाला. जुनी बॅटरी वर्षाला 300 दिवस धरून सुमारे 1500 दिवस चालली. या चार बॅटऱ्या निम्म्या किमतीत, महिन्याला 26 दिवस धरून सात महिन्यांत 180 दिवस, त्यातलेही शेवटचे दोन महिने अर्धा दिवसच. दर दिवसाचा खर्च चौपटीवर गेला, आणि दुपारनंतर चार माणसं हातगाडीवर कास्टिंग ओढत होती ते त्यात धरलेलंच नाही.

फेब्रुवारीत नवीन 24 सेलची 240 एएच ट्रॅक्शन बसवली. चार्जर परत मूळ सेटिंगवर आणला, गाडीचा बॅटरी मीटरही. 1.240 ग्रॅव्हिटीच्या बॅटऱ्यांचं मोकळं व्होल्टेज पूर्ण भरल्यावरही 50 च्या खालीच राहतं, ट्रॅक्शनचं 51 च्या जवळ जातं. त्यामुळे मीटर सकाळीच एक काडी कमी दाखवायचा, म्हणून कुणीतरी त्याची गाडी हळू करणारी वायर काढून ठेवली होती. ती वायर असती तर 80 टक्के निघाल्यावर गाडी हळू झाली असती आणि तो सेल उलटा व्हायचा वाचला असता. मामांना एवढंच सांगितलं: पाणी दर सोमवारी, चार्जिंग पूर्ण झाल्यानंतर, प्लेट आधीच उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि तेही प्लेट बुडतील इतकंच. महिन्यातून एका रविवारी शेवटचा कमी करंट आणखी काही तास चालू ठेवायचा, मागे पडलेले सेल बाकीच्यांना येऊन मिळतात.

उरलेल्या तीन इन्व्हर्टर बॅटऱ्या मी पाच अँपिअरवर दोन दिवस वायू सुटेपर्यंत भरत ठेवल्या. एकीचे दोन सेल 1.150 च्या वर आले नाहीत, ती भंगारात गेली. बाकी दोघींचे सगळे सेल 1.225 पर्यंत आले. त्यांपैकी एक ऑफिसच्या इन्व्हर्टरला आहे, दुसरी मालकांच्या घरी. एप्रिलमध्ये वळवाच्या पावसात ऑफिसची वीज दोन तास गेली होती, तेव्हा दोन कॉम्प्युटर आणि पंखे पूर्ण वेळ चालले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हायड्रोमीटर घातला, सहाही सेल 1.230 ते 1.235.